केबलवाला कुणाचं ऐकतो?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत एक अलिखित नियम होता : एका गल्लीत एकच केबलवाला. त्याच्या वायरी विजेच्या खांबांवरून, गच्च्यांवरून, प्रसंगी एखाद्या झाडाच्या फांदीवरून गेलेल्या असत. शेजारच्या केबलवाल्याने हद्द ओलांडली की त्याची वायर रात्रीतून कापली जाण्याची शक्यता मोठी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीबुक घेतलेला पोरगा दारात उभा राही. किती द्यायचे हे केबलवाला ठरवणार, आणि त्या पैशांत किती चॅनेल दिसणार, चित्राला मुंग्या येणार की नाही, तक्रारीनंतर माणूस आज येणार की चार दिवसांनी, हेही तोच ठरवणार.

मक्तेदाराच्या हातात अशा दोन दोऱ्या असतात, किंमत आणि दर्जा. पाठ्यपुस्तकांत बहुधा पहिलीचाच पाठ असतो : मक्तेदार किंमत चढी ठेवतो, त्यामुळे काही गिऱ्हाइकं बाहेर राहतात, समाजाचं नुकसान होतं. दर्जाबद्दल विचारलं तर लोक दोनपैकी एक उत्तर देतात. एक म्हणजे, गिऱ्हाईक जाणार कुठे, तेव्हा तो भिकारच माल देणार. दुसरं, चांगल्या मालाला लोक जास्त पैसे मोजत असतील तर नफ्यासाठी का होईना, तो चांगलाच माल देईल. दोन्ही उत्तरं ऐकायला पटतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

या प्रश्नाची नीट मांडणी मायकेल स्पेन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७५ साली केली. त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. पण मक्तेदारी आणि दर्जा यांवरचा त्याचा हा निबंध मला त्याच्या बाकी लेखनाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण मक्तेदार हावरट असतो का, हा निरुपयोगी प्रश्न सोडून त्याने एक उपयोगी प्रश्न विचारला. मक्तेदार दर्जा ठरवताना नेमकं कोणत्या गिऱ्हाइकाकडे बघतो?

एक काल्पनिक वसाहत घेऊ. तीनशे घरं, एक केबलवाला, सगळ्यांना एकच पॅकेज. शंभर घरं टीव्हीवेडी आहेत. आजच्या पॅकेजसाठी ती महिन्याला ३०० रुपयांपर्यंत मोजतील, त्याहून एक रुपया जास्त झाला तर कनेक्शन काढतील. दुसरी शंभर घरं मधली, त्यांची मर्यादा २५० रुपये. उरलेली शंभर काठावरची; २०० रुपयांपर्यंत ठीक, पुढे नको. एका घराला सेवा देण्याचा खर्च ८० रुपये. केबलवाल्याने ३०० रुपये लावले तर पहिली शंभर घरंच राहतील आणि नफा २२ हजार होईल. २५० लावले तर दोनशे घरं आणि नफा ३४ हजार. २०० लावले तर तीनशेही घरं आणि नफा ३६ हजार. तो २०० लावेल.

आता त्याच्यापुढे खेळांच्या चॅनेलचा एक संच आला. तो घ्यायचा तर दर घरामागे खर्च २० रुपयांनी वाढतो. समजा, टीव्हीवेड्या घरांना हा संच ४० रुपये मोलाचा वाटतो, मधल्यांना २५ आणि काठावरच्यांना जेमतेम १०. केबलवाला हिशोब मांडतो. सगळी घरं टिकवायची तर किंमत दहाच रुपयांनी वाढवता येईल, कारण २१० च्या पुढे काठावरची घरं जातील. वाढ दहाची, खर्च वीसचा. नफा ३६ हजारांवरून ३३ हजारांवर येतो. काठावरची घरं सोडून २७५ रुपये लावले तरी नफा ३५ हजारच. मग तो संच घेत नाही.

पण सगळ्या वसाहतीचा हिशोब वेगळा निघतो. तीन प्रकारच्या घरांना मिळून त्या संचाचं मोल साडेसात हजार रुपये होतं आणि खर्च सहा हजार. म्हणजे दर महिन्याला दीड हजारांचं समाधान निर्माण होऊ शकलं असतं, ते झालं नाही. अर्थशास्त्रात समाजहिताचं माप हेच धरतात : लोकांना वस्तूचं जे मोल वाटतं त्यातून ती बनवण्याचा खर्च वजा. ग्राहकाने केबलवाल्याला दिलेले पैसे यात मोजत नाहीत, कारण ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले असतात. या मापाने बघता इथे मक्तेदाराचा दर्जा कमी पडला.

आता वसाहत तीच ठेवून फक्त आवडी उलट्या करू. पहिल्या शंभर घरांत मालिका आणि बातम्या बघणारी माणसं आहेत. त्यांना खेळांचं मोल ५ रुपये. मधल्यांना १०. काठावरची घरं म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारी नोकरदार पोरं, ज्यांना टीव्ही हवा तो मॅचपुरताच. त्यांना या संचाचं मोल ३० रुपये. आता केबलवाला किंमत २३० करू शकतो आणि एकही घर जात नाही. वाढ तीसची, खर्च वीसचा. नफा ३९ हजार. तो आनंदाने संच घेतो. पण वसाहतीला त्याचं एकूण मोल साडेचार हजार आणि खर्च सहा हजार. दर महिन्याला दीड हजार वाया. मालिका बघणाऱ्या आजींना पाच रुपयांच्या सुखासाठी तीस रुपये जादा मोजावे लागले. त्या मोजतात, कारण ३०० पर्यंत मोजण्याची त्यांची तयारी आहेच. इथे मक्तेदाराने दर्जा गरजेपेक्षा जास्त दिला.

हाच स्पेन्सचा मुद्दा. किंमत वाढवली की सोडून जाईल ते गिऱ्हाईक काठावरचं, आणि मक्तेदार दर्जाची किंमत त्याच्या नजरेतून करतो. जे कसंही करून राहणारच आहेत त्यांच्या आवडीनिवडी त्याच्या हिशोबात शिरतच नाहीत, कारण त्यांना खूश करून जादा पैसा येत नाही आणि नाराज करून जात नाही. समाजहिताला मात्र सगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी लागते. काठावरच्याला दर्जाचं मोल सरासरीपेक्षा कमी वाटत असेल तर मक्तेदाराचा दर्जा कमी पडतो, जास्त वाटत असेल तर तो ऊतू जातो. दोन्ही सारखी असतील तर, इतक्याच घरांपुरतं बोलायचं झालं तर, दर्जा बरोबर निघतो. मक्तेदारी म्हटली की दर्जा वाईटच, असा नियम यातून निघत नाही.

‘इतक्याच घरांपुरतं’ ही अट मात्र विसरून चालणार नाही. आपल्या वसाहतीपलीकडे आणखी शंभर घरं आहेत असं धरा. त्यांची मर्यादा १०० रुपये आहे आणि खेळांत त्यांना काडीचा रस नाही. मक्तेदार त्यांच्यासाठी २०० वरून १०० वर उतरणार नाही; त्याला ती दिसतही नाहीत. पण ८० रुपयांत सेवा देता येत असेल तर समाजहिताच्या मापाने ती जोडली जायला हवीत. आता चारशे घरांना मिळून खेळांच्या संचाचं मोल पहिल्या उदाहरणातलंच, साडेसात हजार. खर्च मात्र आठ हजार. संच घेऊन ही शंभर घरं बाहेर ठेवली तर संचातून दीड हजार मिळतील, पण त्या घरांचं दोन हजारांचं समाधान जाईल. तेव्हा सगळ्यांत चांगली स्थिती कोणती? घरं चारशे, संच नाही. मक्तेदारही संच देत नव्हता! दर्जा जुळला, घरांचा आकडा चुकला. म्हणून मक्तेदाराचा दर्जा आदर्शाच्या तुलनेत कसा, असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं : त्याच्या आजच्या गिऱ्हाइकांसाठी आदर्श असलेला दर्जा, की किंमतही आदर्श असती तेव्हाचा?

इथवर केबलवाल्याकडे एकच पॅकेज होतं. ज्याला खेळ हवेत त्याने जास्त पैसे देऊन ते घ्यावेत, बाकीच्यांनी साधं पॅकेज घ्यावं, असं केलं तर प्रश्न सुटेल असं वाटतं. थोडा सुटतो. पण त्यातून एक नवा आणि जास्त कडू प्रकार सुरू होतो.

ज्यूल द्यूप्वी हा फ्रान्सचा सरकारी अभियंता होता, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यातला. १८४९ साली त्याने तेव्हाच्या रेल्वेबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. काही कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, बाकं नुसती लाकडी. छप्पर घालायला असा कितीसा खर्च येणार होता? द्यूप्वीचं म्हणणं असं की कंपनीला गरिबांना भिजवण्यात काही गोडी नव्हती. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्यांना परवडतं त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम हालाचा ठेवला होता. घाव गरिबाला बसतो, पण नेम मधल्यावर धरलेला असतो.

मुसा आणि रोझेन या दोघांनी १९७८ मध्ये या निरीक्षणाला गणिताचा सांगाडा दिला. आपल्या वसाहतीतली फक्त टीव्हीवेडी आणि काठावरची घरं घेऊन ते पाहता येईल. मोठ्या पॅकेजचं टीव्हीवेड्यांना मोल ३४०, साध्याचं ३००. काठावरच्यांना साधं पॅकेज २०० मोलाचं. साधं पॅकेज २०० ला विकलं, तर टीव्हीवेडा माणूस म्हणेल, हेच घेतलं तरी माझे शंभर रुपये वाचतात. त्याला मोठ्या पॅकेजवर ठेवायचं तर तेही २४० लाच द्यावं लागेल. दोन्ही मिळून वसुली ४४ हजार. आता केबलवाला साध्या पॅकेजमधून सिनेमाचे आणि लोकप्रिय मालिकांचे चॅनेल काढून टाकतो. काठावरच्यांना त्याचं मोल आता १५० उरतं, टीव्हीवेड्यांना तर १७०च. त्याने ते १५० ला विकलं की टीव्हीवेड्याला खाली उतरून फक्त वीस रुपये वाचतात, आणि मोठं पॅकेज ३२० ला जातं. वसुली ४७ हजार. चॅनेल काढून त्याचा एक पैसाही खर्च वाचला नाही असं धरलं, तरी तीन हजारांचा फायदा झाला. काठावरच्या शंभर घरांत पन्नास-पन्नास रुपयांचं मोल मात्र हवेत विरलं.

या गणिताचा एक निष्कर्ष बघण्यासारखा आहे. सगळ्यांत वरच्या पॅकेजचा दर्जा मक्तेदार बिघडवत नाही, कारण त्याच्यावर कुणाला पळवून लावायचं नसतं. बिघाड खालच्या पायऱ्यांवर होतो. तेव्हा एखाद्या कंपनीचा दर्जा तपासायचा असेल तर तिची जाहिरातीतली महागडी योजना बघून काही कळणार नाही. सगळ्यांत स्वस्त योजनेत काय काय वगळलं आहे आणि ते घालायला खरोखर किती खर्च आला असता, हे बघावं. खर्च नगण्य असून वगळलं असेल, तर ते डब्याचं छप्पर आहे.

ग्रेगरी क्रॉफर्ड आणि मॅथ्यू शम यांनी अमेरिकेच्या केबल कंपन्यांची १९९५ सालची आकडेवारी घेऊन हे तपासलं. तिथेही बहुतेक गावांत एकच केबल कंपनी होती. खालच्या पॅकेजमध्ये दर्जा उतरवलेला त्यांना मोठ्या प्रमाणावर आढळला. जिथे स्थानिक प्रशासनाची देखरेख होती तिथे किंमत थोडी जास्त, पण दर्जा चांगला आणि दर डॉलरमागे मिळणारा मालही जास्त होता.

देखरेखीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली मागणी असते ती दर बांधून देण्याची. ती मागणी रास्त वाटली तरी दर्जाच्या बाबतीत तिच्यात एक खोट आहे. सरकारने आपल्या वसाहतीत १५० रुपयांची मर्यादा घातली असं समजा. काठावरच्या घराला पॅकेजचं मोल २००, किंमत १५०. केबलवाल्याच्या नजरेत या पन्नास रुपयांचा अर्थ एकच : दर्जा आणखी पन्नास रुपयांनी खाली गेला तरी कुणी कनेक्शन काढणार नाही. दर्जा उतरवून खर्च वाचत असेल तर तो उतरवत जाईल, काठावरचं घर पुन्हा काठावर येईपर्यंत. ज्यांना दर्जाची जास्त कदर आहे त्यांचं नुकसान पन्नासहून अधिक होऊ शकतं. किंमत बांधली की दर्जा वाढवण्याचं एकच कारण उरतं, नवं गिऱ्हाईक येण्याची आशा. आणि जवळपास सगळी घरं आधीच जोडलेली असतील तर तेही उरत नाही. म्हणून दर बांधणाऱ्याला दर्जाही बांधावा लागतो.

ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने तेच केलं. २०१९च्या सुरुवातीला लागू झालेल्या नव्या दरपद्धतीत जोडणीचं शुल्क करांव्यतिरिक्त १३० रुपये ठरलं आणि त्यात शंभर चॅनेल द्यायचे असंही ठरलं. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत चॅनेल दोनशे झाले. शिवाय प्रत्येक सशुल्क चॅनेलची सुटी किंमत जाहीर करण्याची सक्ती आली. वाहिन्यांच्या कंपन्यांनी यावर तोडगा काढला तो बुकेचा : सुटे चॅनेल महाग आणि एकत्रित गठ्ठा इतका सवलतीत की सुटं घेणं वेडेपणा ठरावं. २०२०च्या दुरुस्तीत ट्रायला या सवलतीवरही मर्यादा घालावी लागली. पण चॅनेलचा आकडा हा दर्जाचा फार ढोबळ हिशोब. दोनशेपैकी आपण किती बघतो, बंद पडलेली जोडणी किती तासांत सुरू होते, हे आकड्यात येत नाही. नियामक जे मोजतो ते सुधारतं आणि जे मोजत नाही तिथून मक्तेदार आपला खर्च काढून घेतो.

मग स्पर्धा आली की दर्जा योग्य जागी येतो का? क्रॉफर्ड आणि शम यांनी ओलेक्सांद्र श्चेर्बाकोव्ह यांच्यासह अमेरिकी केबलच्या १९९७ ते २००६ या काळाचा पुन्हा अभ्यास केला. तोवर घराघरांच्या छपरांवर छोट्या डिश आल्या होत्या. डायरेक्टीव्ही १९९४ पासून आणि डिश नेटवर्क १९९६ पासून उपग्रहावरून थेट सेवा देत होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष जुन्या समजुतीच्या उलट निघाला. केबलच्या किमती समाजहिताच्या पातळीपेक्षा ३३ ते ७४ टक्क्यांनी जास्त होत्या, आणि दर्जाही २३ ते ५५ टक्क्यांनी जास्त होता. सर्वसाधारण ग्राहकाला लहान, कमी चॅनेलचं आणि स्वस्त पॅकेज मिळालं असतं तर त्याचा फायदा दुप्पट झाला असता. उपग्रहाची स्पर्धा नसती तर याच कंपन्यांनी दर्जा उतरवला असता, असंही त्यांच्या हिशोबात दिसलं.

आपल्या वसाहतीच्या भाषेत हे असं झालं. डिश येण्याआधी काठावर उभा असलेला माणूस टीव्हीची फारशी पर्वा नसलेला होता. तो सोडून गेला असता तो अँटेनाकडे किंवा काहीच नसण्याकडे. डिशवाल्यांनी भरपूर चॅनेलचं महागडं पॅकेज आणल्यावर टीव्हीवेडा माणूस काठावर आला, कारण आता सोडून जायला त्याच्याकडे जागा होती. केबल कंपन्या त्याला धरून ठेवण्यासाठी चॅनेल भरत गेल्या, किंमत वाढवत गेल्या. दहा चॅनेल बघणाऱ्या कुटुंबाने दोनशेंचे पैसे भरले. कंपनीची नजर काठावरच होती, फक्त काठावर उभा असलेला माणूस बदलला होता.

नियामकाची खरी अडचण यातच आहे. बाजारातून जी माहिती आपोआप मिळते ती काठावरच्यांचीच असते : दर वाढला तेव्हा किती जोडण्या तुटल्या, चॅनेल वाढले तेव्हा किती नव्या आल्या. जे निमूट पैसे भरत राहिले त्यांना तो चॅनेल पाच रुपयांचा वाटला की पन्नासचा, याची नोंद कंपनीच्या वहीत होत नाही आणि व्हायचं कंपनीला कारणही नाही. समाजहिताला लागणारी सरासरी मात्र त्या न नोंदलेल्या माणसांतूनच काढावी लागते. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं, किंवा प्रत्येक चॅनेलची सुटी किंमत लावून लोक काय घेतात आणि काय सोडतात ते बघावं लागतं. सवलतीचा बुके नेमकी हीच माहिती झाकून टाकतो.